‘आय हॅड सेंट यू अ मेल यस्टर्डे’ यात चुकलं काय? मराठीतला ‘होता’ इंग्रजीत कसा अडकतो

क्लायंटला मेल पाठवलाय, उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही आठवण करून देता, ‘आय हॅड सेंट यू अ मेल यस्टर्डे.’ डोक्यात मराठी वाक्य असतं, ‘मी काल तुम्हाला मेल पाठवला होता.’ मराठी अगदी बरोबर आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅड’ नको, ‘आय सेंट यू अ मेल यस्टर्डे’ एवढंच हवं.

शाळेत आपण पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट असं पाठ केलं. नावं जुळतात, काम जुळत नाही. मराठीत ‘पाठवला’ ही नुसती बातमी. ‘पाठवला होता’ म्हटलं की ती गोष्ट थोडी मागे पडलेली असते आणि पुढे काहीतरी न बोललेलं असतं, म्हणजे इथे ‘तुमचं उत्तर आलं नाही’. ‘परवा नाशिकला गेलो होतो’ यातही आता परत आलोय हे समोरच्याला आपोआप कळतं.

इंग्रजीतला ‘हॅड’ हे काम करत नाही. भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी कुठली घडली, तेवढंच तो दाखवतो. ‘व्हेन माय बॉस कॉल्ड, आय हॅड ऑलरेडी सेंट द मेल.’ बॉसचा फोन आला तेव्हा मेल गेलेला होता. इथे ‘हॅड ऑलरेडी’ काढून टाकलं, तर फोन आल्यावर मेल पाठवला असा अर्थ होऊ शकतो. दुसरी घटना नसताना ‘हॅड’ वापरला, की वाचणारा ‘बरं, मग?’ म्हणून थांबतो.

त्यामुळे ‘हॅड’ लिहिताना स्वतःला विचारा, कशाच्या आधी? उत्तर भूतकाळातलंच असेल, तर ठेवा. उत्तर ‘आत्ताच्या आधी’ असेल, तर साधा भूतकाळ पुरतो. वाक्यात ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ असेल, तर क्रम त्यानेच कळतो. तिथे ‘हॅड’ गाळला तरी बहुतेक वेळा चालतं.

मग ‘हॅव’ वापरू का? ‘मी काल मेल पाठवला आहे’ हे मराठीत खपतं, पण ‘आय हॅव सेंट इट यस्टर्डे’ इंग्रजीत खपत नाही. ‘यस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘इन 2019’ अशी संपलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ गेला. वेळ गाळा, मग ‘आय हॅव सेंट द मेल’ चालेल.

‘पासून’ची गडबड याच घरातली. ‘पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करतो. हवं असतं ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. किती काळ हे सांगायला ‘फॉर’, कधीपासून हे सांगायला ‘सिन्स’, जसं ‘सिन्स 2019’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतो.

बाकी, घरातून निघायच्या आधीच फोनवर ‘आलो, आलो’ म्हणणाऱ्यांनी त्याचं ‘आय केम’ करू नये. तिथे ‘आय ॲम कमिंग’. भूतकाळाचं रूप वापरून पुढचं सांगायची ही सोय मराठीतच ठेवा.