इसबगोल जेवताना की झोपताना?

मराठी घरांत इसबगोलाची वेळ ठरलेली असते: रात्री झोपण्यापूर्वी, कोमट पाण्यातून किंवा दुधातून. पोट साफ व्हावं म्हणून घेणाऱ्यांसाठी ती वेळ चांगलीच आहे. अलीकडे मात्र रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की तोच डबा पुन्हा खाली काढला जातो आणि इसबगोल त्याच जुन्या वेळेला घेतला जातो. तिथेच गोची होते. १९९४ साली टोरांटोच्या संशोधकांनी इसबगोल न्याहारीच्या सीरिअलमध्ये मिसळून देऊन पाहिला आणि दोन जेवणांच्या मधल्या वेळेत वेगळाही देऊन पाहिला. सीरिअलबरोबर पोटात गेला तेव्हा कोलेस्टेरॉल उतरलं. मधल्या वेळेत घेतला तेव्हा जवळजवळ काहीच घडलं नाही.

असं का व्हावं, हे समजायला कोलेस्टेरॉलचा नव्हे, पित्ताचा माग काढावा लागतो. हे पित्त म्हणजे आंबट ढेकरांचं पित्त नव्हे. यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा हिरवट-पिवळा रस. त्यातली मुख्य कामकरी द्रव्यं म्हणजे पित्ताम्लं. ओशट कढईवर साबण जे काम करतो, तेच ती लहान आतड्यात करतात. तूप-तेलाचे बारीक बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळतील असे करतात, म्हणजे मग ते पचवता येतात. ही पित्ताम्लं यकृत बनवतं ते कोलेस्टेरॉलपासूनच. शरीर कोलेस्टेरॉलची विल्हेवाट ज्या मार्गांनी लावतं, त्यांतला हा एक मोठा मार्ग.

पण शरीर भलतं काटकसरी. एका वेळी अंगात पित्ताम्लांचा साठा असतो जेमतेम तीन-चार ग्रॅम. जेवण सुरू झालं की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात सोडतं. काम आटोपलं की लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर सुमारे ९५ टक्के पित्ताम्लं पुन्हा शोषली जातात आणि रक्तावाटे यकृतात परततात. दिवसभरात हा फेरा सहा-आठ वेळा होतो. शौचावाटे बाहेर जातात ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि तेवढीच यकृताला रोज नव्याने बनवावी लागतात.

इसबगोल हात घालतो तो या फेऱ्यात. उत्तर गुजरात आणि राजस्थानच्या कोरड्या हिवाळ्यात पिकणाऱ्या या रोपाच्या बीवर एक पातळ साल असते. उंझा-सिद्धपूर परिसरातल्या गिरण्यांत ती सोलून काढतात; आपल्या डब्यात असते ती ही साल. ती पाण्यात पडली की काही मिनिटांत फुगते आणि दाट, बुळबुळीत लगदा होतो. बहुतेक विद्राव्य तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या तावडीत सापडले की मोडतात. इसबगोलाचा लगदा मात्र बराचसा न मोडता शेवटपर्यंत टिकतो.

या लगद्याने पित्ताम्लं ‘बांधली जातात’ असं सर्रास लिहिलं जातं. ते ढोबळमानाने खरं, पण तपशिलात जरा फसवं आहे. कोलेस्टायरामीन नावाचं जुनं औषध पित्ताम्लांना खरोखर बांधतं. त्याच्या कणांवर धन विद्युतभार असतो, पित्ताम्लांवर ऋण, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटतात. इसबगोलाची पकड मुख्यतः दाटपणाची आहे. पित्ताम्लं लगद्यात अडकतात, आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायला त्यांना उशीर होतो आणि काही शोषली न जाताच पुढे निघून जातात. म्हणून पित्त आणि लगदा एकाच वेळी आतड्यात असायला हवेत. रात्री उशिरा, जेवण होऊन दोन-तीन तास झाल्यावर नवं पित्त बहुतांशी पित्ताशयात जमा होत असतं, आणि लगदा रिकाम्या वाटेनेच पुढे सरकतो.

आता यकृताकडे परत येणारी पित्ताम्लं कमी पडू लागतात. यकृत तूट भरून काढायला कोलेस्टेरॉल वापरू लागतं. त्याच्या पेशींमधला साठा घटला की पेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएलचे रिसेप्टर वाढवतात. हे रिसेप्टर रक्तातले एलडीएलचे कण पकडून आत घेतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. थोडक्यात, इसबगोल रक्तवाहिन्यांतली चरबी ‘धुऊन’ काढत नाही. तो रक्तात शिरतच नाही. आतड्यात बसून तो यकृताला रक्तातून उचल करायला भाग पाडतो.

परिणाम किती? रोज सुमारे दहा ग्रॅम साल दोन वेळांत विभागून घेतली, तर एलडीएल साधारण सात टक्के उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. म्हणजे एलडीएल १६० असेल तर ते १४९ च्या आसपास येईल. ‘चांगल्या’ एचडीएलवर आणि ट्रायग्लिसराइडवर विशेष फरक पडत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९८ मध्ये इसबगोलयुक्त पदार्थांना हृदयविकाराबाबतचा दावा छापू दिला, तोही दिवसाला किमान सात ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जाणार असतील तरच. अर्धा चमचा चाखून काही हाती लागत नाही.

परिणाम एवढ्यावरच थांबतो, कारण यकृत दुसरीकडून भरपाई करतं. कोलेस्टेरॉल कमी पडतंय असं दिसताच ते रक्तातून उचल करतं, तसंच स्वतःही जास्त बनवायला घेतं. स्टॅटिन गटाची औषधं नेमका हाच दुसरा मार्ग रोखतात, म्हणून दोघांची जोडी जमते. २००५ साली अमेरिकेत ६८ रुग्णांवर आठ आठवडे एक चाचणी झाली. फक्त १० मिलिग्रॅम सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांचं एलडीएल सरासरी ५५ अंकांनी उतरलं, २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं ६३ ने. ज्यांना १० मिलिग्रॅमबरोबर रोज १५ ग्रॅम इसबगोल दिला, त्यांचंही उतरलं ६३ ने. सालीने गोळीचा अर्धा डोस भरून काढला. गोळीची जागा घेतली नाही. डॉक्टरांना न विचारता स्टॅटिन बंद करून इसबगोलावर विसंबणं हा म्हणूनच तोट्याचा सौदा आहे.

गव्हाचा कोंडा खाऊन हा परिणाम मिळत नाही, कारण तो फुगून दाट होत नाही. ओटमधला बीटा-ग्लुकन होतो. पण प्रक्रियेत त्याच्या लांब साखळ्या फार तुटल्या तर दाटपणा जातो आणि गुणही घटतो.

घेताना काळजी पाण्याची. मोठा चमचा भरून साधारण पाच ग्रॅम साल होते, तिला मोठा पेलाभर पाणी हवं. कोरडी किंवा थोड्या पाण्यात घेतली तर ती घशात, अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. सुरुवात एका चमच्याने करावी, नाहीतर पोट फुगतं. लगद्यात औषधंही अडकू शकतात, म्हणून थायरॉईडसारख्या रोजच्या गोळ्यांत आणि इसबगोलात किमान दोन तासांचं अंतर ठेवावं.

उपयोग झाला का, हे आठवड्याभरात कळत नाही. सहा ते आठ आठवडे नेमाने घेऊन मग तपासणी करावी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. एलडीएलचा आकडा एरवीही एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत काही टक्के वरखाली होतो, आणि इसबगोलाचा गुणही तेवढाच. म्हणून सुरू करण्यापूर्वीचे दोन आणि नंतरचे दोन असे चार अहवाल हाती असतील, तर डॉक्टरांना खरा उतार आणि नुसतं हेलकावणं यांत फरक करता येतो.