जोत्याची उंची ठरते कशी?

चिपळूणजवळ वाशिष्ठीकाठी कारखाना उभारायचा असेल, तर जागेच्या अहवालातलं पूरधोक्याचं प्रकरण आधी वाचावं. त्याची सुरुवात पाणलोटाच्या इतिहासाने व्हायला हवी. सह्याद्रीच्या उतारावरचा पाऊस इथे फार वेगाने उतरतो, कोयनेच्या वीजगृहांतलं पाणीही याच नदीला मिळतं आणि खाली खाडीला भरती असली की निचरा तुंबतो. २००५ आणि २०२१ च्या जुलैतल्या पुरांच्या खुणा आजूबाजूच्या भिंतींवर शोधून त्यांची उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असावी. ‘जागेवर पाणी येत नाही, असे स्थानिकांनी सांगितले’ एवढ्यावर भागवलेला अहवाल मी तरी परत पाठवीन.

पुढे येते संकल्पित पूरपातळी. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शतकातून एकदाच येणारा नव्हे. तो दरवर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. कारखाना तीस वर्षं चालला, तर त्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास २६ टक्के होते.

समजा, ही पातळी ९.४ मीटर निघाली. लाटा, गाळ आणि हिशेबातली चूक यांसाठी ०.६ मीटर मोकळी उंची धरली, की भरावाचा माथा १० मीटरवर जातो. मूळ जमीन ८.२ मीटरवर असेल, तर भराव १.८ मीटरचा. त्या भरावाने अडवलेलं पाणी शेजारच्या वस्तीत किती चढेल, याचाही हिशेब अहवालात हवाच.