खोका सात किलोचा, बिल वीस किलोचं!

सांगलीचं भडंग आणि सांगलीचीच हळद, दोन्ही माल आपण कुरिअरनं पाठवतो. हळदीचं बिल वजनाप्रमाणं येतं आणि भडंगाचं भलतंच वाढून येतं. असं का, ते आज बघू.

भडंग हलकं, पण गाडीत जागा खूप अडवतं. म्हणून कुरिअरवाले त्या जागेचंही वजन धरतात. बिलात त्याला ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’ म्हणतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला बहुधा ५००० नं भागायचं. हे वजन आणि काट्यावरचं वजन, यांतलं जे जास्त, त्यावर पैसे लागतात. ते ‘चार्जेबल वेट’.

समजा, भडंगाचा खोका काट्यावर ७ किलो भरला. लांबी ५०, रुंदी ४०, उंची ४०. गुणाकार ८०,०००, भागिले ५०००, म्हणजे १६ किलो. किलोला १२ रुपये दर ठरला असेल, तर भाडं १९२ रुपये. ७ किलोचे ८४ रुपये येतील असं समजून बसलो, तर चूक आपली. हळदीचं उलट आहे. ३० बाय ३० बाय २० च्या खोक्यात १० किलो हळद भरली, तर जागेचं वजन ३.६ किलोच येतं. तिथं काट्याचे १० किलोच धरतात.

आता भडंगाच्या बिलावर १६ ऐवजी २० किलो आणि २४० रुपये दिसले तर? दर तोच आहे, म्हणजे वजन वाढलंय. आधी बिलावरची मापं बघा. ५३, ४३, ४३ लिहिलं असेल, तर खोका ठासून भरल्यानं फुगला. कुरिअरवाले फुगवट्यावरून माप घेतात. ते १९.६ किलो येतं आणि पुढच्या पूर्ण किलोत, म्हणजे २० धरतात. मापं आपलीच असतील, तर ५००० ऐवजी ४००० नं भागलंय. ८०,००० भागिले ४०००, बरोबर २०. हे दर ठरवताना लेखी ठरलं नसेल, तर हरकत घ्या.

बिलावर मापं नसतील, तर मागून घ्या. इंधन अधिभार आणि जीएसटी टक्क्यांत लागतात, म्हणून वजन चुकलं की खालचे आकडेही वाढतात.

पुढच्या वेळी खोका बंद केल्यावर तिन्ही बाजूंना टेप लावून आणि काट्यावर ठेवून फोटो काढा. माल गेल्यावर हाच आपला पुरावा. दर ठरवतानाही आधी दोन गोष्टी विचारा: कितीनं भागता, आणि वजन अर्ध्या किलोत वाढवता की पूर्ण किलोत? किलोमागचा दर त्यानंतर बोला.