वीजबिलाच्या फोटोत दडलेला ग्राहक

गच्चीवर सोलर बसवून देणारा व्यावसायिक फेसबुकवर जाहिरात देतो. दोन दिवसांत शंभर जणांची नावं आणि नंबर हातात येतात. तो फोन लावायला बसतो आणि पलीकडून उत्तर येतं, “मी कुठे फॉर्म भरला?” आश्चर्य म्हणजे हा माणूस खोटं बोलत नसतो!

असं कसं होतं? फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या झटपट फॉर्ममध्ये तुमचं नाव आणि नंबर आधीच भरलेले असतात. बोटं स्क्रीनवरून सरकत असतात, बटण दिसतं, दाबलं जातं. जे काम तीन सेकंदांत झालं, ते तीन तासांनी कोणाच्या लक्षात राहणार? म्हणजे हाती आला तो ग्राहक नव्हे, नुसता फोन नंबर. दीड-दोन लाखांची वस्तू विकणाऱ्याला त्याचा उपयोग फार थोडा.

त्यात या धंद्यात आणखी एक पेच आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जी योजना आणली, तिच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ आहे. त्यामुळे जाहिरातीत ‘मोफत’ हा शब्द आला की पॅनेलच फुकट मिळणार असं समजून माणसं धावतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० रुपये, आणि तीन किलोवॅटच्या पुढे कितीही बसवा, घरासाठी अनुदान ७८,००० रुपयांवरच थांबतं. बाकीचे पैसे घरमालकाचे. हे जाहिरातीतच सांगितलं की फॉर्म कमी येतात. येऊ देत कमी!

आता खरी जादू पाहा. फॉर्मऐवजी जाहिरातीवरचं बटण थेट व्हॉट्सअॅप उघडतं आणि पहिला प्रश्न येतो: “तुमच्या वीजबिलाचा फोटो पाठवाल का?” बस्स, एवढंच. ज्याला खरोखर रस आहे तो उठतो, कपाट उघडतो, बिल काढतो, फोटो घेतो. ज्याला नाही, तो तिथेच गळतो. कोणालाही न दुखावता चाळणी लागली.

आणि त्या कागदावर काय काय असतं! महावितरणच्या बिलावर ग्राहकाचं नाव असतं, पत्ता असतो, मंजूर भार असतो, आणि मागच्या महिन्यांत किती युनिट जळली तेही असतं. अनोळखी माणसाच्या घरात पाऊल न टाकता त्याचा मे महिन्यातला एसी आणि डिसेंबरमधला गीझर दिसू लागतो.

एक घर घेऊ. समजा, नाशिकमधला एक बंगला. वर्षभराच्या युनिटांची बेरीज ३,६०० होते, म्हणजे महिन्याला सरासरी ३००. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल ढोबळमानाने दिवसाला चार युनिट देतात, म्हणजे महिन्याला १२०. तीनशेला १२० ने भागा: अडीच किलोवॅट. फोनवर विचारलं, “पुढच्या वर्षात काही नवीन घ्यायचा विचार आहे का?” उत्तर आलं, “वरच्या खोलीत एसी.” मग तीन किलोवॅट ठरले. त्यासाठी सावली नसलेली साधारण ३०० चौरस फूट गच्ची हवी. खर्च १,९०,००० धरला, तर अनुदान वजा जाता १,१२,००० रुपये उरतात. अनुदान नंतर बँकेत जमा होतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय लागते, हेही त्याच फोनवर सांगायचं.

याच बिलात आणखी एक नवल आहे. युनिटं जास्त वापरली की वरच्या टप्प्यातल्या युनिटाचा दर चढत जातो. गच्चीवरची वीज नेट मीटरमधून वजा होते तेव्हा आधी हीच महाग युनिटं कमी होतात! म्हणून महिन्याला ४०० युनिट जाळणाऱ्या घरात सोलरचे पैसे लवकर फिटतात आणि ८० युनिटवाल्या घरात फार रेंगाळतात. अशा घराला “तुम्ही इतक्यात घेऊ नका” असं सांगणारा माणूस मला या धंद्यातला सगळ्यात हुशार विक्रेता वाटतो, कारण त्याची एक फेरी वाचते आणि त्या घरातून पुढे दोन नावं येतात.

बिलाचा फोटो आल्यावर हा फोन किती लवकर करायचा? २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अमेरिकी कंपन्यांचा एक अभ्यास आला होता. चौकशी आल्यावर तासाभरात संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं साधण्याची शक्यता, एक तास उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट होती. बिल अजून हातात असतं, डोक्यात आकडा घोळत असतो, तोवरच फोन जायला हवा.

मग साइट व्हिजिट. इथे “कधी येऊ?” विचारलं की “सांगतो” हेच उत्तर मिळतं. “शनिवारी अकराला येऊ की रविवारी चारला?” विचारलं की वार ठरतो. त्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्यायच्या. बिल कोणाच्या नावावर आहे? कित्येक घरांत ते अजून आजोबांच्या नावावर असतं आणि आजोबा हयात नसतात. मग आधी नावबदल, नंतर अर्ज. गच्ची स्वतःची की सोसायटीची? फ्लॅट असेल तर सोसायटीच्या परवानगीशिवाय पुढे सरकता येत नाही. आणि पैशांचा निर्णय घेणारे दोघंही घरी असतील ना? एकच जण असेल तर “हिला विचारून कळवतो” ऐकून परत यावं लागतं. भेटीच्या सकाळी येणाऱ्या माणसाचं नाव आणि फोटो पाठवला की दार उघडणाऱ्यालाही धीर वाटतो.

पण बिलाच्या फोटोतून एवढं कळतं, तर गच्चीवर जायचंच कशाला? सावलीसाठी! मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात नाशिकमध्ये दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. पाण्याच्या टाकीची सावली जवळजवळ नाहीशी होते आणि गच्ची निर्दोष दिसते. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो की भरदुपारीही क्षितिजापासून जेमतेम ४७ अंश वर असतो. मग दीड मीटर उंच टाकीची सावली उत्तरेकडे जवळपास तेवढीच लांब पसरते, सकाळ-संध्याकाळी कितीतरी जास्त. आणि एका ओळीत जोडलेले पॅनेल म्हणजे हात धरून चाललेली मुलं: एक रेंगाळलं की सगळ्यांची चाल मंदावते. आजच्या पॅनेलमध्ये त्यावर थोडा उपाय असतो, पण नुकसान पूर्ण टळत नाही. म्हणून मे महिन्यात गेलेल्या जाणत्या माणसाची नजर डिसेंबरची सावली शोधत असते, आणि हे घरमालकाला समजावून सांगितलं की किमतीची घासाघीस आपोआप मागे पडते.

आता हिशेब करा. समजा दहा हजारांच्या जाहिरातीत शंभर फॉर्म आले आणि चार भेटी ठरल्या: फॉर्म शंभर रुपयांना, भेट अडीच हजारांना. बिल मागितल्यावर चाळीसच जण आले, पण दहा भेटी ठरल्या: नाव अडीचशेला, भेट एक हजाराला. महाग दिसणारी जाहिरात स्वस्त निघाली! शिवाय कोणाची भेट ठरली ही माहिती फेसबुकला परत कळवता येते, आणि मग यंत्रणा फॉर्म भरणाऱ्यांऐवजी भेट ठरवणाऱ्यांसारखी माणसं शोधू लागते.

तुम्ही सोलर विकत नसाल, पण घेण्याचा विचार असेल, तर कोणाचाही फोन येण्याआधी बिलावरच्या बारा महिन्यांच्या युनिटांची बेरीज करा आणि १,४४० ने भागा. जो आकडा येईल, साधारण तेवढेच किलोवॅट तुमच्या घराला लागतात. विक्रेता त्याच्या दुप्पट सांगू लागला, तर का, ते त्याला विचारा.