यादीत नसलेली नव्वद मुले

साखर कारखान्याजवळच्या एका मोठ्या शाळेची कल्पना करू. पाचवी ते दहावीचे वर्ग आहेत आणि महिना डिसेंबरचा आहे. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला काही मुलांना भोवळ येते, काहींचे डोके दुखते, अशा तक्रारी वाढल्या आहेत. सकाळी काहीही न खाता शाळेत येणारी मुले किती, हे मुख्याध्यापकांना जाणून घ्यायचे आहे. प्रत्येकाला विचारत बसायला वेळ नाही, म्हणून थोड्या मुलांना विचारून सगळ्या शाळेचा अंदाज बांधायचे ठरते. शाळा आणि तिचे आकडे काल्पनिक आहेत, पण अशी पाहणी जिथे चुकते ती जागा खरी आहे.

पहिला प्रश्न असा, की आपल्याला नेमके कोणाविषयी बोलायचे आहे? 'शाळेतली मुले' हे उत्तर पुरेसे नाही. आज वर्गात बसणारी सगळी, की फक्त पटावर नाव असलेली? मुख्याध्यापक ठरवतात : 'डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात या शाळेत पाचवी ते दहावीत शिकत असलेले प्रत्येक मूल.' निष्कर्ष ज्यांना लागू व्हायचा आहे, त्या सगळ्यांच्या या समूहाला संख्याशास्त्रात समष्टी म्हणतात. आपल्या शाळेत अशी मुले ९०० आहेत असे धरू. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांना तो अजून ठाऊक नाही.

आता या समष्टीतून काही मुले निवडायची, तर हातात नावे हवीत. कार्यालयातल्या संगणकात सर्व तुकड्यांची एक सलग यादी आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा ती तयार केली होती आणि तिच्यात ८४० नावे आहेत. निवड जिच्यातून प्रत्यक्ष होते, त्या यादीला नमुना चौकट म्हणतात. समष्टी आणि चौकट एकच आहेत असे आपण सहज धरून चालतो, आणि पाहणीतला सर्वांत मोठा घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

ही जूनची यादी तपासून पाहू. तिच्यातल्या २४ मुलांनी दाखला नेला आहे, पण नावे तशीच राहिली आहेत. सहा मुलांची तुकडी बदलली; नव्या तुकडीत त्यांची नावे चढली, जुन्यातून कमी झाली नाहीत, म्हणून ती दोनदा आली आहेत. ही ३० नावे वजा केली तर यादीत खरी मुले ८१० उरतात. उरलेली ९० कुठे आहेत? गळीत हंगाम सुरू झाल्यावर ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्याच्या आसपास उतरली आणि त्यांची ९० मुले शाळेत येऊ लागली. वर्गशिक्षकांनी त्यांची नावे हजेरीत लिहून घेतली, पण जूनच्या यादीत ती असणार कशी?

तिसरी गोष्ट म्हणजे नमुना, म्हणजे चौकटीतून निवडलेली, ज्यांना प्रत्यक्ष विचारायचे ती मुले. १२० मुलांना विचारायचे ठरले. ८४० ला १२० ने भागले की ७ येतात, म्हणून दर सातवे नाव घ्यायचे. सुरुवात कुठून करायची, यासाठी १ ते ७ आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि ४ निघाला. मग चौथे, अकरावे, अठरावे असे करत ८३७ व्या नावापर्यंत जायचे. चिठ्ठी टाकल्यामुळे कोणाला घ्यायचे हे शिक्षकांच्या मर्जीवर राहत नाही आणि यादीतल्या प्रत्येक नावाला सारखी संधी मिळते. यादीबाहेरच्या मुलाला मात्र काहीच संधी नसते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. यादीतल्या ८१० मुलांपैकी १६२ मुले उपाशी येतात असे धरू. हे प्रमाण २० टक्के झाले. ऊसतोड कामगारांच्या घरी आई-वडील पहाटे अंधारातच फडावर जातात आणि मुलांना खायला घालायला मागे कोणी नसते. तेव्हा त्या ९० मुलांपैकी ५४ उपाशी येत असतील, असे समजू. म्हणजे ९०० पैकी २१६, एकूण २४ टक्के. जूनच्या यादीवरून केलेली पाहणी मात्र २० टक्क्यांच्या आसपासचे उत्तर देईल. नमुना १२० वरून ३०० केला, तरी ही तूट भरून निघणार नाही. यादीतल्या सर्व मुलांना विचारले, तरी उत्तर २० टक्केच येईल. नमुना मोठा केल्याने योगायोगाने होणारा चढउतार कमी होतो; चौकटीतली गळती तशीच राहते. शिवाय ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, नेमकी तीच मुले इथे गळली आहेत.

ही चूक आधी लक्षात येऊ शकते. प्रत्येक वर्गशिक्षकाकडून आज वर्गात येणाऱ्या मुलांची संख्या मागवायची आणि तुकडीवार यादीशी ताडून पाहायची. फरक दिसला की नावे जुळवायची, गेलेली आणि दुबार नावे काढायची, नवी शेवटी जोडायची. आता यादी ९०० ची झाली. तिच्यातून पुन्हा चौथ्यापासून दर सातवे नाव घेतले, तर १२९ मुले निवडली जातात आणि त्यांत नव्याने आलेली १३ असतात. चौकट समष्टीला जुळली की नमुनाही तिच्यासारखा होतो.

पाहणीच्या दिवशी आणखी एक मोह होतो. निवडलेले मूल गैरहजर असले की शेजारी बसलेल्याला विचारून मोकळे व्हावेसे वाटते. पण गैरहजर राहण्याचे आणि उपाशी असण्याचे कारण एकच असू शकते, म्हणून त्याच मुलाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाठायला हवे. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रश्न टाकला, तर चौकट आणखी आक्रसते : ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे तेवढेच पालक तिच्यात येतात, आणि त्यांतलेही इच्छा असेल तेच उत्तर देतात.

समष्टी बदलली की चौकटही बदलावी लागते. गावातल्या सर्व मुलांविषयी बोलायचे असेल, तर शाळेची यादी कितीही अचूक असली तरी चालत नाही, कारण शाळेत न जाणारे मूल तिच्यात नसतेच. म्हणूनच 'प्रथम' संस्थेची २००५ मध्ये सुरू झालेली 'असर' पाहणी ग्रामीण भागात शाळांऐवजी घरोघरी जाते. गावे निवडण्यासाठी तिने जनगणनेची गावांची यादी वापरली. गावातल्या घरांची तयार यादी हाताशी नसते, म्हणून गावाचे चार भाग करून प्रत्येक भागात दर पाचवे घर घेत पाच-पाच घरे, अशी एकूण वीस घरे निवडण्याची पद्धत तिने ठेवली.

आपल्या शाळेच्या अहवालातही आकड्याआधी तीन वाक्ये यायला हवीत : निष्कर्ष कोणाविषयी आहे, नावे कोणत्या तारखेच्या यादीतून घेतली, आणि निवडलेल्यांपैकी किती जणांनी उत्तर दिले. जूनचीच यादी वापरावी लागली असेल, तर 'शाळेतली २० टक्के मुले' असे लिहिता येत नाही. 'जूनमध्ये पटावर असलेल्या आणि अजून शाळेत असलेल्या मुलांपैकी सुमारे २० टक्के' असे लिहावे लागते. मग वाचणाऱ्यालाच विचारता येते, की हंगामात आलेल्या मुलांचे काय? आणि खाऊची सोय करताना त्यांनाही मोजता येते.