ऋण भार आणि अकाली कायम झालेले निकाल

सन १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ‘आर्मॅक’ नावाच्या संगणकाचे सामर्थ्य गणित न जाणणाऱ्या लोकांनाही पटेल असा एखादा प्रश्न हवा होता, तेव्हा एड्सगर डायक्स्ट्रा या तरुण शास्त्रज्ञाने दोन शहरांमधील लघुतम मार्गाचा प्रश्न निवडला, आणि त्यासाठी नेदरलँड्समधील ६४ शहरांचा नकाशा घेतला. तीन वर्षांनी, १९५९ साली, ती रीत एका छोट्या निबंधात प्रसिद्ध झाली. सर्वांत कमी अंतराची नोंद झटपट काढून देणारी प्रायॉरिटी क्यू, म्हणजे अग्रक्रमाची रांग, त्या निबंधात नव्हती; ती मागाहून या रीतीला जोडली गेली. पण मूळ प्रश्न रस्त्यांचा होता आणि रस्त्याची लांबी कधी शून्याखाली जात नाही, ही गोष्ट मात्र त्या रीतीच्या हाडीमाशी आरंभापासूनच खिळलेली आहे.

रीत अशी: उगमापासूनचे ज्याचे नोंदलेले अंतर सर्वांत कमी, तो शिरोबिंदू रांगेतून काढावा, त्याचे अंतर कायम करावे, आणि त्याच्यापासून निघणाऱ्या कडांनी शेजाऱ्यांची अंतरे कमी होत असतील तर तशी दुरुस्ती करावी. ज्याचा निकाल एकदा कायम झाला, त्याचे दप्तर पुन्हा उघडायचे नाही, हा तिचा शिरस्ता. आणि तो न्याय्य ठरतो तो एवढ्याच आधारावर, की रांगेत उरलेले सारे शिरोबिंदू आताच्यापेक्षा दूर किंवा तितकेच दूर आहेत आणि पुढची कोणतीही कड अंतरात भरच घालील, वजावट करणार नाही. एक कड जरी ऋण भाराची निघाली, तरी हा आधार खचतो.

आता स, अ, ब आणि क असे चार शिरोबिंदू घेऊ. ‘स’ हा उगम. ‘स’पासून ‘अ’कडे जाण्याचा भार २, ‘स’पासून ‘ब’कडे ५, ‘ब’पासून ‘अ’कडे उणे ४, आणि ‘अ’पासून ‘क’कडे १. ‘स’ कायम झाल्यावर रांगेत ‘अ’ २ वर आणि ‘ब’ ५ वर असतो, म्हणून ‘अ’ निघतो व त्याचे अंतर २ कायम होते. त्यावरून ‘क’चे अंतर ३ ठरते, आणि ‘ब’च्या ५ हून ते कमी असल्यामुळे ‘क’ही निकालात निघतो. सर्वांत शेवटी ‘ब’ची पाळी येते, आणि तेव्हा उघड होते की त्याच्या वाटेने ‘अ’ला १ मध्येच पोहोचता आले असते आणि ‘क’ला २ मध्ये. पण दोघांचेही निकाल लागून चुकलेले असतात. महागडी दिसणारी वाट शेवटी स्वस्त ठरेल, ही शक्यता रांगेच्या हिशेबात धरलेलीच नव्हती.

याहून घातक प्रकार घडतो तो अर्धवट दुरुस्तीने. काही आज्ञावल्यांत कायम झालेल्या ‘अ’चे अंतर २ वरून १ असे बदलले जाते, पण ‘अ’ पुन्हा रांगेत दाखल होत नाही. मग ‘अ’ बरोबर आणि ‘क’ मात्र जुन्या ३ वरच, अशी विसंगत वही तयार होते, आणि कार्यक्रम कसलीही तक्रार न करता संपतो. याची फेरतपासणी सोपी आहे. प्रत्येक कडेसाठी, तिच्या टोकाचे अंतर हे आरंभीचे अंतर अधिक भार याहून जास्त नाही ना, एवढे पाहावे. येथे ‘क’चे ३ हे १ अधिक १ याहून जास्त, म्हणजे उत्तर चुकले.

सुधारलेला शिरोबिंदू पुन्हा रांगेत घालण्याची मुभा दिली, तर ऋण चक्र नसलेल्या आलेखात उत्तर अखेरीस बरोबर येते. पण १९७३ साली डोनाल्ड जॉन्सनने दाखवून दिले की काही आलेखांवर तेच ते शिरोबिंदू इतक्या वेळा परत येतात की श्रम शिरोबिंदूंच्या संख्येबरोबर घातांकी वेगाने वाढतात. सर्व भारांत ४ मिळवून उणे चिन्ह घालवावे, हा उपायही अनेकांना सुचतो, आणि तो फसवा आहे: ‘स-अ-क’ या दोन कडांच्या वाटेवर ८ वाढतात, ‘स-ब-अ-क’ या तीन कडांच्या वाटेवर १२, म्हणून ३ व २ चे ११ व १४ होतात आणि तुलना उलटते.

खरी वाट त्याच जॉन्सनने १९७७ मध्ये मांडली. प्रत्येक शिरोबिंदूला एक पातळी द्यावी, आणि कडेच्या भारात आरंभाची पातळी मिळवून टोकाची वजा करावी; मग मधल्या पातळ्या परस्परांना छेदतात आणि एकाच उगमापासून एकाच ठिकाणी जाणाऱ्या सर्व वाटांत सारखाच फरक पडतो. आपल्या आलेखात ‘स’ व ‘ब’ ०, ‘अ’ उणे ४, ‘क’ उणे ३ अशा पातळ्या घेतल्या, की चार भार अनुक्रमे ६, ५, ० आणि ० होतात. दोन वाटा ६ व ५ ठरतात, म्हणजे मूळचा एकाचा फरक शाबूत राहतो, आणि ५ मध्ये ‘क’ची पातळी मिळवून खरे अंतर २ परत येते. या पातळ्या काढायला मात्र बेलमन-फोर्ड रीत लागते, जी सर्व कडा पुनःपुन्हा तपासते. ठरलेल्या फेऱ्यांनंतरही अंतरे घटतच राहिली, तर आलेखात ऋण चक्र आहे, आणि पातळ्याही नाहीत व लघुतम मार्गही नाही, कारण त्या चक्रात फिरावे तितका खर्च उतरतच जातो. एकाच उगमाचा प्रश्न असेल तर बेलमन-फोर्डनेच उत्तर मिळून जाते. ही खटपट फळते ती प्रत्येक शिरोबिंदूपासून प्रत्येकापर्यंतची अंतरे हवी असतात तेव्हा, विशेषतः कडा विरळ असल्या तर.