कुत्र्याची कावीळ आणि घरातला ताप

जुलै महिन्यात ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातल्या जनावरांच्या दवाखान्यांत एक प्रश्न हमखास येतो. कुत्र्याचे डोळे पिवळे झालेले असतात, तो दोन दिवस जेवलेला नसतो, मालकाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि त्यावर ‘लेप्टो पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असते. मालक विचारतो, ‘‘डॉक्टर, आता आम्हाला पण होणार का?’’

२६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोहोचला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, उल्हास नदीने कल्याण-बदलापूरचा सखल भाग बुडवला आणि ऑगस्टमध्ये माणसांच्या रुग्णालयांत लेप्टोचे रुग्ण वाढले. तेव्हापासून उंदीर आणि तुंबलेले पाणी हे समीकरण सर्वांना पाठ आहे. कुत्रा मात्र या समीकरणात नेमका कुठे बसतो, याबद्दल खूप गोंधळ आहे. म्हणून आज एकाच केसच्या आधारे बोलतो.

डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदरच्या बाजूला, तळमजल्यावर राहणारे एक कुटुंब. नवरा-बायको, एक मुलगी, आजी आणि तीस किलो वजनाचा चार वर्षांचा लॅब्रॅडॉर. दोन वर्षांपूर्वी जुलैत त्यांच्या इमारतीच्या आवारात गुडघाभर पाणी भरले. गृहस्थ स्टेशनवरून त्याच पाण्यातून चालत घरी आले. पायाला चपलेने चोळून झालेली जखम होती. मग कुत्र्याला ‘बाहेर’ न्यायला हवे म्हणून ते त्याला घेऊन पुन्हा पाण्यात उतरले. सातव्या दिवशी कुत्र्याने खाणे सोडले, आठव्या दिवशी ते त्याला माझ्याकडे घेऊन आले.

हा जंतू दिसायला पिळलेल्या बारीक तारेसारखा. उंदराच्या मूत्रपिंडात तो सुखाने राहतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. ओलसर, कोमट जागी कित्येक आठवडे टिकतो, सुकला की मरतो. खरचटलेल्या कातडीतून किंवा तोंड, नाक, डोळे यांच्या नाजूक आवरणातून तो शरीरात शिरतो, आठवडाभर रक्तात वाढतो आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. मग मूत्रपिंडाच्या नलिकांत जाऊन बसतो. या नलिकांचे काम म्हणजे गाळून आलेल्या पाण्यातून शरीराला हवे ते परत ओढून घेणे. त्या सुजल्या की हे काम बिघडते. यकृतात पेशी एकमेकींपासून सुटू लागतात, पित्ताची वाट अडते आणि डोळे, हिरड्या पिवळ्या होतात.

या कुत्र्याला १०३.८ अंश फॅरनहाइट ताप होता. कंबरेवर हात ठेवला की तो अंग चोरत होता. क्रिएटिनिन ४.२ होते, निरोगी कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असते. बिलिरुबिन ३.६ आणि प्लेटलेट ६८ हजार, म्हणजे असायला हव्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. पण माझे लक्ष वेधले ते लघवीच्या पट्टीने. लघवीत साखर होती आणि रक्तातली साखर ९२, म्हणजे अगदी सामान्य. मधुमेह नसताना लघवीत साखर उतरते याचा अर्थ नलिका ती परत ओढून घेत नाहीत. ही साधी पट्टी पुष्कळदा महागड्या तपासणीच्या आधी दिशा दाखवते.

तरीही ‘लेप्टोच’ असे म्हणायची घाई करून चालत नाही. आपल्या भागात ताप, कावीळ आणि पडलेल्या प्लेटलेट यांचे दुसरे मोठे कारण म्हणजे गोचीड. गोचिडीने होणाऱ्या बबेसिया आणि एर्लिचिया या आजारांचे चित्र बरेचसे असेच दिसते. म्हणून काचेवर रक्ताचा थेंब पसरून पाहावा लागतो. आणखी एक गंमत अशी, की लेप्टोवर दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन एर्लिचियावरही चालते. त्यामुळे ‘गोळीने बरा झाला, म्हणजे लेप्टोच होता’ हा तर्क टिकत नाही.

आता त्या रिपोर्टकडे येऊ. या चाचणीचे नाव मायक्रोस्कोपिक अ‍ॅग्लुटिनेशन टेस्ट, सगळे तिला ‘मॅट’ म्हणतात. प्रयोगशाळेत लेप्टोच्या वेगवेगळ्या जातींचे जिवंत जंतू वाढवून ठेवलेले असतात. हे जिकिरीचे काम असल्याने मॅट करणाऱ्या प्रयोगशाळा थोड्याच आहेत. पोर्ट ब्लेअरचे केंद्र त्यात देशभर संदर्भासाठी मानले जाते. कुत्र्याच्या रक्तातला निवळ द्रव, म्हणजे सीरम, शंभर पट पातळ करतात, मग दोनशे पट, चारशे पट, असे दुप्पट-दुप्पट करत जातात. प्रत्येक पायरीवर त्यात जिवंत जंतू मिसळतात आणि काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कुत्र्याच्या रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे असतील तर जंतूंचे पुंजके होतात. निम्मे जंतू पुंजक्यांत अडकलेले दिसतात अशी शेवटची पायरी रिपोर्टवर लिहितात. १:२०० म्हणजे दोनशे पट पातळ करूनही पुंजके झाले, आणि आकडा जितका मोठा तितकी प्रतिपिंडे जास्त.

म्हणजे मॅट जंतू शोधत नाही, शरीराने जंतूला दिलेले उत्तर मोजते. इथेच चुका होतात. आजाराच्या पहिल्या आठवड्यात हे उत्तर तयारच नसते, त्यामुळे मरणासन्न कुत्र्याचाही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. उलट, लस टोचलेल्या धडधाकट कुत्र्यातही प्रतिपिंडे असतात आणि त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. जंतू प्रत्यक्ष शोधायचे तर पीसीआर करावी लागते. पहिल्या आठवड्यात रक्ताची, नंतर लघवीची, आणि नमुना अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. आमच्या या पाहुण्याला येण्याआधीच दोन इंजेक्शने देऊन झाली होती, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नव्हती.

त्याला मे महिन्यात लस दिलेली होती. आपल्याकडच्या अनेक लशींत लेप्टोच्या दोनच जाती असतात, कॅनिकोला आणि इक्टेरोहिमोरेजी. पहिल्या मॅटमध्ये या दोन्ही १:२०० आल्या. ऑटमनॅलिस नावाच्या तिसऱ्या जातीविरुद्ध शंभर पटीलाही काही नव्हते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द होता तो त्या दोन आकड्यांमुळे, आणि ते आकडे लशीचेही असू शकत होते. थोडक्यात, या एका रिपोर्टवरून लेप्टो आहे असेही म्हणता येत नव्हते आणि नाही असेही.

उपचार अर्थातच थांबवले नाहीत. उलट्या होत्या तोवर अँपिसिलिनची इंजेक्शने, त्या थांबल्यावर डॉक्सिसायक्लिन किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याला १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एकूण दोन आठवडे. सलाईन चालू असताना लघवी मोजणे फार महत्त्वाचे. तीस किलोच्या कुत्र्याला तासाला निदान ३० ते ६० मिलिलिटर लघवी व्हायला हवी. ती होत नसताना सलाईन ओतत राहिले तर पाणी फुप्फुसात उतरते.

बारा दिवसांनी दुसरा नमुना पाठवला. कॅनिकोला १:२०० वरच होती. इक्टेरोहिमोरेजी १:४००, म्हणजे एकच पायरी वर, आणि एका पायरीचा फरक चाचणीतच पडू शकतो. ऑटमनॅलिस मात्र शून्यावरून १:१६०० वर गेली होती. दोन नमुन्यांत चौपट किंवा अधिक वाढ झाली की नवा संसर्ग झाला असे मानतात. हे उत्तर मिळायला दुसरा नमुना लागतोच. मालकांना नेमका तोच खर्च फुकटचा वाटतो, कारण तोवर कुत्रा शेपूट हलवायला लागलेला असतो. रिपोर्टवरच्या जातीच्या नावाला मात्र फार चिकटून राहू नये. या जातींची प्रतिपिंडे एकमेकींच्या जंतूंनाही चिकटतात आणि सर्वांत मोठा आकडा भलत्याच जातीचा येऊ शकतो. विश्वास ठेवायचा तो वाढीवर.

या मधल्या काळात त्या घरात दुसरेच प्रकरण झाले होते. पाणी भरल्यापासून नवव्या दिवशी गृहस्थांना ताप आला, पोटऱ्या भयंकर दुखू लागल्या, डोळे लाल झाले. त्यांच्या डॉक्टरांनी लेप्टो धरून लगेच उपचार सुरू केले आणि पुढे तपासणीत तोच निघाला. आजींनी निकाल देऊन टाकला, ‘‘कुत्र्यानंच आणलं हे. आधी त्याला घराबाहेर काढा.’’ बाई मला फोनवर म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मुलगी दोन दिवस जेवली नाहीये. खरं काय ते सांगा.’’

तारखा मांडून पाहिल्या. कुत्र्याच्या लघवीतून जंतू साधारण संसर्गानंतर सात ते दहा दिवसांनी पडू लागतात. माणसात जंतू शिरल्यापासून ताप यायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. कुत्र्याला पुराच्या दिवशी लागण झाली असेल, तर तो जंतू बाहेर टाकू लागला सातव्या दिवसाच्या पुढे. गृहस्थांचा ताप नवव्या दिवशीचा. दोन दिवसांत ताप येणे अशक्य नाही, पण फार विरळा. त्याच पाण्यात पायाची जखम घेऊन उतरलेल्या माणसाला नऊ दिवसांनी ताप येणे मात्र अगदी हिशेबात बसते. कुत्रा आधीपासूनच जंतू बाळगून असेल, ही शंका उरते. तशी निरोगी दिसणारी कुत्री असतात. पण मग पहिल्या नमुन्यात ऑटमनॅलिसची थोडीफार प्रतिपिंडे दिसण्याची शक्यता मोठी होती, आणि तिथे काहीच नव्हते. शंभर टक्के पुरावा हा नव्हे. तरी दोघांनाही एकाच पाण्याने गाठले, हेच मला त्यातून दिसले आणि तसे मी आजींना सांगितले.

याचा अर्थ आजारी कुत्र्यापासून धोका नाही असा मुळीच नाही. तो धोका दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो आणि उपचार न झालेल्या कुत्र्यात कित्येक आठवडे, कधी महिने राहतो. डॉक्सिसायक्लिनचे दोन आठवडे पुरे करायचे ते म्हणूनच, कारण मूत्रपिंडात दडलेले जंतू तेच काढते. धोका लघवीत असतो. कुत्र्याने नुसते हात चाटल्याने सहसा काही होत नाही. लघवी हातमोजे घालून कागदाने टिपावी, मग एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी टाकून दहा मिनिटे ठेवावे आणि जागा कोरडी करावी. बाल्कनीत पाइप लावून जोरात धुण्याची आपल्याकडे सवय आहे, ती या दिवसांत सोडावी. तुषार उडतात आणि डोळ्यांत जातात. घरात गरोदर बाई असेल किंवा कुणाच्या हाताला चीर असेल, तर साफसफाई दुसऱ्याने करावी. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही औषध द्यावे लागते.

आणि घरात कुणाला ताप आला, तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात, कुत्र्याच्या आजाराची आणि पाण्यात चालल्याची, दोन्हींच्या तारखांसह. माणसांच्या डॉक्टरांकडे कुत्र्याचा विषय काढायला लोक संकोचतात.

त्या कुत्र्याचे क्रिएटिनिन दहाव्या दिवशी १.६ वर आले आणि तीन महिन्यांनीही तिथेच राहिले. म्हणजे मूत्रपिंडाचा काही भाग कायमचा गेला असावा, असे धरून आता दर सहा महिन्यांनी तपासतो. पुढच्या मे महिन्यात त्याला चार जातींची लस दिली. तिची तारीख मी आजींना फ्रिजवर चिकटवायला सांगितली आहे, कारण पुन्हा कधी मॅट करायची वेळ आली तर प्रयोगशाळेच्या फॉर्मवर ती लिहावी लागेल.